पान वाचू द्या, मग सही मागा : शिस्तभंगाची सुनावणी घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शिस्तभंगविषयक सुनावणी घेणारे सर्व चौकशी अधिकारी आणि त्या सुनावणीचे इतिवृत्त लिहिणारे लेखनिक

विषय : सुनावणीत प्रत्येकाने केलेले निवेदन त्याच्याच शब्दांत नोंदवण्याबाबत आणि त्यावर सह्या घेण्याच्या रीतीबाबत

महोदय, महोदया,

गेली चौदा वर्षे मी शिस्तभंगाच्या सुनावण्यांमध्ये आरोप ठेवलेल्या कर्मचाऱ्यांचा बचाव सहाय्यक म्हणून बसतो आहे, आणि त्याआधी काही वर्षे अशाच सुनावण्यांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम मी केले आहे. त्यामुळे हा कागद कसा तयार होतो हे मला लिहिणाऱ्याच्या खुर्चीतून ठाऊक आहे, आणि त्याच कागदाखाली सही मागितली जाते तेव्हा समोर बसलेल्या माणसाची काय अवस्था होते हेही मी जवळून पाहिले आहे. हे पत्र कोणा एका अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार नाही. मी ज्यांच्यासमोर उभा राहिलो त्यांतील बहुतेक अधिकारी सचोटीचे होते. तरीही त्यांच्या हातून असे कागद तयार झाले की ज्यांत बोलणाऱ्याला स्वतःचे बोलणे ओळखता आले नाही. असे का होते आणि ते कसे टाळता येईल, एवढेच मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

आपण जाणताच की सुनावणी घेणारा आणि शिक्षेचा निर्णय घेणारा हे पुष्कळदा वेगळे असतात, आणि पुढे अपील ऐकणारा तर नक्कीच तिसरा असतो. त्या दोघांनी साक्षीदाराचा आवाज ऐकलेला नसतो, प्रश्न कसा विचारला गेला तेही पाहिलेले नसते. त्यांच्यासमोर फक्त फाईल येते. तुमच्या खोलीत सहा तास जे घडले त्यातले जे पानावर उतरले नाही, ते त्यांच्या लेखी घडलेलेच नाही. आणि जे चुकीचे उतरले, ते मात्र घडलेले आहे.

एक प्रकरण तपशिलात सांगतो. आस्थापनेचे आणि माणसांचे नाव मी घेत नाही. एका भांडारपालावर आरोप होता की त्याने केबलची चार बंडले गेटपासशिवाय भांडाराबाहेर सोडली आणि त्यांची अफरातफर केली. सुनावणी सकाळी ११ वाजता सुरू झाली. दुपारनंतर सादरकर्त्या अधिकाऱ्यांनी त्याला विचारले, “बंडले बाहेर गेली तेव्हा गेटपास होता का?” त्याचे उत्तर मी त्याच क्षणी माझ्या वहीत उतरवून घेतले होते. तो म्हणाला, “नव्हता. पर्यवेक्षक साहेबांचा फोन आला होता की कंत्राटदाराची गाडी दारात उभी आहे, माल सोडा, पास संध्याकाळपर्यंत पाठवतो. मी तसं आवक-जावक वहीत लिहिलंय.” हे ऐकून चौकशी अधिकारी लेखनिकाकडे वळले आणि त्यांनी मजकूर सांगितला. टंकलिखित पान हातात आले तेव्हा चौथ्या पानावर असे होते : “गेटपास नसताना माल बाहेर सोडल्याचे कर्मचाऱ्याने मान्य केले. वरिष्ठांच्या तोंडी सूचनेनुसार असे केल्याचा बचाव त्याने घेतला, मात्र त्यापुष्ट्यर्थ कोणताही पुरावा सादर केला नाही.”

घाईत वाचले तर दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. चौकशी अधिकारीही नंतर तेच म्हणाले, “तात्पर्य तेच आहे.” पण फरक कुठे पडला ते पाहा. “नव्हता” हे एका वस्तुस्थितीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर होते. त्याचे “मान्य केले” झाले आणि वस्तुस्थितीच्या जागी दोषाची कबुली आली. फोन कोणाचा आला, फोनवर नेमके काय सांगितले गेले आणि पास कधी पाठवण्याचे आश्वासन मिळाले, हे तीन तपासता येण्याजोगे तपशील होते. “बचाव घेतला” या दोन शब्दांत ते तिन्ही विरून गेले. त्याने सांगितलेली वही तर पानावरून पूर्ण नाहीशी झाली, आणि तिच्या जागी “पुरावा सादर केला नाही” हे वाक्य आले, जे त्याने उच्चारलेलेच नव्हते. ते वाक्य म्हणजे चौकशी अधिकाऱ्यांचा निष्कर्ष होता. निष्कर्षाची जागा चौकशी अहवालात असते. कर्मचाऱ्याच्या निवेदनाच्या मध्यभागी, त्याच्याच सहीच्या वर, निष्कर्ष लिहिला गेला की तो त्याच्याच तोंडचा वाटू लागतो.

यात कोणी खोटेपणा केला असे मला आजही वाटत नाही. सहा तास ऐकत बसलेला माणूस मनातल्या मनात सारांश करू लागतो, आणि सारांश करताना आपल्याला जे महत्त्वाचे वाटते तेवढेच उरते. भांडारपालाला महत्त्वाची वाटत होती ती वही, चौकशी अधिकाऱ्यांना महत्त्वाचा वाटत होता तो नसलेला पास. म्हणून माझी पहिली विनंती अशी आहे की ज्या मुद्द्यावर दोन बाजूंचे मतभेद आहेत, त्या मुद्द्यावर सारांश करू नका. तिथे प्रश्न लिहा आणि त्याखाली उत्तर लिहा, दोन्ही बोलणाऱ्याच्या शब्दांत, उत्तर प्रथमपुरुषी. प्रश्न लिहिणे अनेकांना वाया गेलेला वेळ वाटतो, परंतु प्रश्न गाळला की उत्तराचा अर्थ बदलतो. “हो, मला माहीत होतं” हे उत्तर “नियम माहीत होता का?” या प्रश्नाचे आहे की “माल कुठे जातोय हे माहीत होतं का?” या प्रश्नाचे, यावर माणसाची नोकरी अवलंबून असू शकते. प्रश्न कोणी विचारला तेही नोंदले पाहिजे. तो सादरकर्त्याने विचारला, बचाव सहाय्यकाने विचारला की खुद्द चौकशी अधिकाऱ्याने विचारला, हे अपिलात महत्त्वाचे ठरते, कारण चौकशी अधिकाऱ्याने शंकानिरसनासाठी विचारणे वेगळे आणि एका बाजूची उलटतपासणी स्वतःच चालवणे वेगळे.

प्रत्येक शब्द लिहावा असे मात्र माझे म्हणणे नाही. आजची बैठक किती वाजता सुरू झाली, कोण कोणत्या नात्याने हजर होते, कोणती कागदपत्रे कोणी दाखल केली आणि त्यांना कोणता निशाणी क्रमांक दिला, पुढची तारीख काय पडली, हे सारे दैनंदिन कामकाजाच्या नोंदीत चार ओळींत येते आणि तसेच यावे. साक्षीदार मूळ मुद्दा सोडून तीन मिनिटे जुन्या बदल्यांविषयी बोलत राहिला, तर “साक्षीदाराने पूर्वीच्या बदल्यांविषयी सांगितले, ते आरोपाशी संबंधित नसल्याने दोन्ही बाजूंच्या संमतीने नोंदवले नाही” एवढे पुरे आहे. इथे “दोन्ही बाजूंच्या संमतीने” हे शब्द मात्र खरे असले पाहिजेत. काय गाळले हे लिहिले आणि दोन्ही बाजूंना ते मान्य असले, तर गाळण्यात अन्याय नाही. न सांगता गाळले की सगळ्या पानांविषयी शंका निर्माण होते.

माझे अशील बहुधा आरोपी कर्मचारी असतात, म्हणून कोणी म्हणेल की हा त्यांच्याच बाजूने बोलतो आहे. तसे नाही. सारांशाचा सर्वांत मोठा फटका मी एका तक्रारदार महिलेला बसलेला पाहिला आहे, आणि त्या प्रकरणात मी समोरच्या बाजूला बसलो होतो. तिने सांगितले होते, “त्यांनी खांद्यावर हात ठेवला, मी खुर्ची सरकवली, त्यांनी परत ठेवला आणि म्हणाले, एवढं काय घाबरायचं.” इतिवृत्तात आले, “त्यांनी माझ्याशी अयोग्य वर्तन केले.” लेखनिकाने हे संकोचापोटी केले असावे, तिची लाज राखावी या हेतूने. पण पुढे अपिलात माझ्याच बाजूने मुद्दा मांडला गेला की तक्रारदाराने नेमकी कोणतीही कृती सांगितलेली नाही, फक्त मत व्यक्त केले आहे, आणि नोंदीच्या आधारे तो मुद्दा बिनतोड होता. तिने कृती सांगितली होती, क्रम सांगितला होता, शब्द सांगितले होते. ते तिच्याकडून कोणी काढून घेतले तर ज्याने तिला वाचवायचे ठरवले त्याने. तेव्हापासून मी दोन्ही बाजूंच्या साक्षीचे पान वाचताना विशेषणे शोधतो. “अयोग्य”, “उद्धट”, “समाधानकारक नाही”, “टाळाटाळ केली” असे शब्द साक्षीदाराच्या तोंडी नसताना त्याच्या निवेदनात आढळले, तर तिथे काहीतरी गाळले गेले आहे असे समजायला हरकत नाही.

मौनाचे आणि हावभावाचेही असेच आहे. प्रश्नाला उत्तर म्हणून साक्षीदाराने मान हलवली, तर “साक्षीदाराने होकारार्थी मान हलवली, ‘हो’ असे समजावे का, असे विचारले असता ‘हो’ म्हणाला” असे लिहावे. तो गप्प राहिला, तर “प्रश्न दोनदा विचारला, उत्तर दिले नाही” एवढेच लिहावे. गप्प राहणे म्हणजे कबुली, हा अर्थ लावायचाच असेल तर तो अहवालात कारणांसह लावावा. आणि साक्षीदार एका भाषेत बोलतो पण इतिवृत्त दुसऱ्या भाषेत लिहिले जाते, तेव्हा भाषांतर कोणी केले ते नोंदवून, निर्णायक ठरेल असे वाक्य त्याच्या मूळ भाषेतही लिहून ठेवावे. “साहेबांनी सोडायला लावलं” आणि “साहेबांनी सोडायची परवानगी दिली” यांत जबरदस्ती आणि संमती एवढे अंतर आहे, आणि भाषांतरात हे अंतर सहज हरवते.

आता मजकूर सांगण्याच्या पद्धतीकडे येतो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. उत्तर साक्षीदार देतो, ते अधिकारी आपल्या शब्दांत लेखनिकाला सांगतात, आणि लेखनिक अधिकाऱ्यांचे शब्द टंकतो. साक्षीदाराचे शब्द लेखनिकाच्या कानावर पडलेले असतात, पण ते लिहिण्याची मुभा त्याला नसते. मी लेखनिक असताना मला हे अनेकदा जाणवले की मी ऐकले एक आणि टंकले दुसरे. यावर उपाय साधा आहे आणि त्याला फारसा वेळ लागत नाही. अधिकाऱ्यांनी मजकूर मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असा सांगावा, आणि संगणकाचा पडदा दोन्ही बाजूंना दिसेल असा ठेवावा. असे केले की चूक त्याच मिनिटाला लक्षात येते, उत्तर अजून सर्वांच्या कानात असते आणि दुरुस्तीवरून वाद होत नाही. भांडारपालाच्या सुनावणीत पडद्याची पाठ आमच्याकडे होती. मजकूर हळू आवाजात सांगितला जात होता, आणि मी तेव्हा हरकत घेतली नाही. ती माझी चूक होती आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली. लेखनिक हा तक्रारदाराच्या किंवा सादरकर्त्याच्या हाताखाली काम करणारा नसावा, हेही इथेच सांगतो. तो कितीही प्रामाणिक असला तरी “साहेब, ते असं म्हणाले नव्हते” हे वाक्य त्याला स्वतःच्या साहेबापुढे उच्चारता आले पाहिजे.

हरकतींविषयी थोडे. एखादा प्रश्न फेटाळला गेला, एखादा कागद मागितला आणि मिळाला नाही, तहकुबी मागितली आणि नाकारली, तर मागणी, तिचे कारण, निर्णय आणि निर्णयाचे कारण या चारही गोष्टी लिहिल्या पाहिजेत. “हरकत फेटाळली” या दोन शब्दांवरून अपील ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

सहीची गोष्ट आता सविस्तर सांगावी लागेल, कारण त्या दिवशी सर्वांत जास्त नुकसान सहीच्या वेळी झाले. सुनावणी सव्वापाचला संपली. नऊ पानांचे इतिवृत्त सहा वाजून दहा मिनिटांनी हातात आले, आणि कर्मचाऱ्यांची गाडी साडेसहाला सुटणार होती. प्रत्येक पानाच्या तळाशी “वाचून पाहिले, बरोबर आहे” हे वाक्य आधीच छापलेले होते. भांडारपाल चौथ्या पानावर थांबला. “हे मी असं बोललो नाही,” तो म्हणाला. त्याला उत्तर मिळाले की बाकी सगळ्यांनी सह्या केल्या आहेत आणि तात्पर्य तेच आहे. तो सही न करता उठला. इतिवृत्ताच्या शेवटी ओळ आली : “कर्मचाऱ्याने सही करण्यास नकार दिला.” का नकार दिला, कोणत्या पानावर, कोणत्या ओळीवर, याबद्दल एक अक्षर नव्हते. पुढे अहवालात चौथ्या पानाचा हवाला दोनदा देण्यात आला, एकदा “स्वतः मान्य केले आहे” म्हणून, आणि सहीचा नकार “असहकार” म्हणून गणला गेला.

सहीचा अर्थ काय, हे आधी ठरले पाहिजे. इतिवृत्तावरची सही ही आरोप मान्य असल्याची खूण नसते, साक्ष पटल्याचीही नसते. तिचा अर्थ इतकाच असतो की मी हजर होतो, हे पान मी वाचले किंवा मला वाचून दाखवले, आणि माझे म्हणून जे लिहिले आहे ते मी बोललो. हा अर्थ अधिकाऱ्यांनी सही घेण्यापूर्वी प्रत्येकाला तोंडी सांगावा. मी पाहिले आहे की सही न करणाऱ्यांपैकी बरेच जण केवळ या भीतीने मागे सरतात की सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला. साक्षीदाराने आपल्या साक्षीच्या पानांवर सही करावी, दोन्ही बाजूंनी आणि चौकशी अधिकाऱ्यांनी प्रत्येक पानावर करावी. पण साक्षीदाराला इतरांच्या साक्षीची पाने दाखवून त्यांवर त्याची सही घेऊ नये.

वाचायला वेळ द्यावा, म्हणजे किती, असे आपण विचाराल. माझा अनुभव असा की सुनावणी ऐकलेला माणूस एक पान नीट वाचायला तीन ते चार मिनिटे घेतो. नऊ पानांना अर्धा तास धरा. वीस मिनिटांत नऊ पाने वाचून, चूक शोधून, ती दुरुस्त करून घेऊन गाडी गाठायची असेल, तर तो वेळ दिल्यासारखा दिसतो पण दिलेला नसतो. उपाय म्हणजे प्रत्येक साक्ष संपताच ती छापून वाचायला देणे. दिवसाच्या शेवटी नऊ पाने एकदम देण्याऐवजी दोन-दोन पाने चार-पाच वेळा दिली तर कोणालाच घाई होत नाही. ज्याला वाचता येत नाही किंवा इतिवृत्ताची लिपी येत नाही, त्याला त्याच्या पसंतीच्या माणसाकडून ते वाचून घेऊ द्यावे, आणि कोणी वाचून दाखवले ते लिहावे.

दुरुस्ती झाली तर ती दिसली पाहिजे. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारावी, म्हणजे खालचा शब्द वाचता येतो. वर बरोबर शब्द लिहावा आणि समासात बोलणाऱ्याने व चौकशी अधिकाऱ्यांनी आद्याक्षरे करावीत. पान नव्याने छापून जुने फाडून टाकण्याची पद्धत दिसायला नीटनेटकी असते, पण मग मूळ काय होते आणि बदल कोणी सुचवला याचा मागमूस राहत नाही. पानांना “९ पैकी ४” असे क्रमांक असावेत. शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा उरली तर तिच्यावर तिरपी रेघ ओढावी, म्हणजे सहीच्या वर मागाहून काही लिहिता येणार नाही. सह्या झालेल्या पानांची प्रत दोन्ही बाजूंना त्याच दिवशी द्यावी आणि मिळाल्याची पोच घ्यावी.

दुरुस्तीवर एकमत झाले नाही तर? हा प्रसंग येतोच, आणि याच प्रसंगी अधिकारी सर्वांत जास्त अडखळतात, कारण त्यांना वाटते की आपण ऐकले तेच बरोबर असे ठरवणे हे आपले काम आहे. तसे नाही. दोन्ही म्हणणी लिहा. “पान ४, ओळ ७ : कर्मचाऱ्याचे म्हणणे असे की त्याने फोनचा व आवक-जावक वहीचा उल्लेख केला होता. चौकशी अधिकाऱ्याच्या आठवणीप्रमाणे वहीचा उल्लेख झाला नाही.” एवढे लिहिल्यावर तो माणूस बहुधा सही करतो, कारण त्याचे म्हणणे कागदावर आलेले असते. त्यानंतरही त्याने नकार दिला तर नकाराचे कारण त्याच्याच शब्दांत लिहून, हजर असलेल्या दुसऱ्या कोणाची तरी त्यावर सही घ्यावी. आणि माझ्यासारख्या बचाव सहाय्यकांनाही मी आता हेच सांगतो की आपल्या माणसाला कोरा नकार देऊ देऊ नका; सही करा, आणि सहीच्या वर “पान ४, ओळ ७ बाबत हरकत आहे” असे स्वतःच्या हाताने लिहा. भांडारपालाला मी त्या संध्याकाळी हे सांगायला हवे होते. मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी केले. वहीतली टिपणे वेळेसह उतरवून मी चौकशी अधिकाऱ्यांना पत्र दिले आणि त्याची पोच घेतली.

ते पत्र अपिलात उपयोगी पडले. अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनी तेवढ्या भागाची साक्ष पुन्हा घेण्यासाठी प्रकरण परत पाठवले. या वेळी प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहिले गेले, वही मागवली गेली, आणि तिच्यात त्या तारखेला, त्या वेळेला, त्याच्याच अक्षरात नोंद सापडली : “पर्यवेक्षक यांच्या फोनवरून माल सोडला, पास येणे बाकी.” पर्यवेक्षकांना प्रथमच फोनविषयी विचारण्यात आले आणि त्यांनी फोन केल्याचे सांगितले. भांडारपालाने नियम मोडला होता, ते त्याने कधी नाकारले नव्हते, आणि त्याबद्दल त्याला लेखी ताकीद मिळाली. अफरातफरीचा आरोप मात्र टिकला नाही. या सगळ्याला अकरा महिने लागले, आणि त्यातले बरेच महिने तो निलंबित होता. वही सुरुवातीपासून भांडाराच्या कपाटातच होती. तिचा उल्लेख पहिल्याच दिवशी पानावर आला असता, तर ती दुसऱ्याच दिवशी पाहता आली असती.

एक मर्यादाही स्पष्ट करतो, कारण माझ्याच बाजूची माणसे तिथे चुकतात. इतिवृत्त वाचताना दुरुस्त करायचे ते लिहिण्यातले; बोलण्यातले नाही. “मी असं म्हणालो खरं, पण मला तसं म्हणायचं नव्हतं” असे कोणी सांगू लागला, तर मूळ उत्तर तसेच राहिले पाहिजे, आणि त्याचा खुलासा त्याखाली, खुलासा म्हणून, त्या दिवसाच्या तारखेने वेगळा नोंदवला पाहिजे. उत्तर बदलून दिले तर समोरच्या बाजूने त्याच उत्तरावर घेतलेली उलटतपासणी निरर्थक होते. मी माझ्या अशिलांना हे आधीच समजावतो, आणि अधिकाऱ्यांनी या बाबतीत ताठर राहिले तर मला त्यांचा आदरच वाटतो.

ध्वनिमुद्रण केले की हे सगळे प्रश्न मिटतील, असे अलीकडे पुष्कळ ऐकतो. सर्वांना आधी सांगून मुद्रण करावे, त्याची प्रत दोन्ही बाजूंना द्यावी, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण सहा तासांचे मुद्रण अपिलात कोणी पूर्ण ऐकत नाही. वाचले जाते ते पानच. मुद्रणाचा खरा उपयोग वादाच्या वेळी होतो, चौथ्या पानाची सातवी ओळ खरी की खोटी हे ठरवायला. मुद्रणात मान हलवलेली ऐकू येत नाही, दोघे एकदम बोलले तर कोण काय बोलले ते कळत नाही, आणि साक्षीदाराने बोट ठेवून “हा कागद” म्हटले तर कोणता कागद ते समजत नाही. म्हणून मुद्रण असले तरी पान लिहावे लागेल, आणि ते वाचून घेऊनच सही मागावी लागेल.

आपल्याकडच्या छापील नमुन्यांत पानाच्या तळाशी “वाचून पाहिले, बरोबर आहे” एवढेच असते. त्याऐवजी पुढील मजकूर छापावा, अशी माझी आपल्याला विनंती आहे. तो मी गेल्या काही सुनावण्यांत स्वतः लिहून दिला आहे, आणि एकाही अधिकाऱ्याने तो नाकारलेला नाही :

“हे पान मी ____ वाजता वाचायला घेतले व ____ वाजता वाचून पूर्ण केले / मला ____ यांनी वाचून दाखवले. माझे म्हणून नोंदवलेले निवेदन मी केले आहे. ही सही आरोपाची कबुली नाही. माझी हरकत असलेल्या ओळी व माझे त्यावरील म्हणणे : ____________. प्रत मिळाली.”

आपला,
एक बचाव सहाय्यक